गांडुळं झाकणावर चढतात तेव्हा

दिवाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी सहा वाजता आई बाल्कनीतून ओरडली, "अरे, तुझी जनावरं फरशीवर आलीत बघ!" मी उठून गेलो. चाळीसेक गांडुळं टाइल्सवर वाळून शेवयांसारखी चिकटली होती. टबाचं झाकण उचललं, तर त्याला आतून मुठीएवढा गुंता लोंबत होता. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला आदल्या संध्याकाळीच अर्धा किलो गांडुळं मोठ्या कौतुकाने टबात सोडली होती, आणि त्यांनी एका रात्रीत घर सोडायचं ठरवलं होतं.

आमचा फ्लॅट पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पश्चिमेला. घरात माणसं चार. सुरुवात करण्याआधी आठवडाभर मी वजनकाट्यावर ओला कचरा मोजला होता. शिजवलेलं अन्न सोडून, म्हणजे भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा असं सगळं धरून रोज सरासरी सातशे ग्रॅम. टब घेतला तो ४५ लिटरचा, झाकणाचा, आरपार न दिसणारा. उंच बादली मुद्दामच घेतली नाही, कारण ही गांडुळं वरच्या वीतभर थरातच वावरतात. खोल भांड्यात खालचा भाग फक्त कुजत राहतो. स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून बुडाला पंधरा आणि बाजूंना वरच्या अंगाला वीस भोकं पाडली. टब दोन विटांवर ठेवला आणि खाली एक जुना ट्रे.

गांडुळं मुळशीच्या बाजूला गांडूळखत करणाऱ्या एका शेतकऱ्याकडून आणली. तांबूस, आणि ताणली की अंगावर पिवळसर पट्टे दिसणारी, आयसेनिया फेटिडा जातीची. देताना तो म्हणाला, "दादा, आठवडाभर यांना काही घालू नका. शेण दिलंय बरोबर, तेवढं पुरतं." मी मान हलवली, आणि त्या वाक्याची किंमत मला पुढे कळली.

तर त्या सकाळी त्यालाच फोन लावला. गांडुळं पळाली म्हटल्यावर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "कोकोपीट धुतलं होतं का?"

कोकोपीट धुवायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्याच्या विटेच्या आकाराच्या दोन वड्या आणून बादलीत भिजवल्या, फुलल्या तशा गांडुळांना अंथरूण म्हणून टबात ओतल्या, वर वर्तमानपत्राच्या पट्ट्या. पण नारळाच्या सोडणात मुळातच क्षार असतात, आणि ती बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात. ते सगळं त्या वडीत दाबलेलं राहतं. गांडूळ श्वास घेतं ते ओल्या कातडीतून. त्याच्यासाठी खारट अंथरुणात शिरणं म्हणजे आपण मिठाच्या पोत्यात झोपण्यासारखं. माझा विश्वास बसेना म्हणून दोन जेवणाचे डबे घेतले. एकात टबातलं जसंच्या तसं कोकोपीट, दुसऱ्यात तेच तीन पाण्यांत धुऊन पिळलेलं. दोन्हींत दहा-दहा गांडुळं सोडली. अर्ध्या तासात धुतलेल्या डब्यातली सगळी खाली गेली. न धुतलेल्यातली सात काठावर चढून बसली होती.

मग सगळं उपसलं. गांडुळं मूळच्या शेणासकट बाजूला काढली, कोकोपीट फडक्यात बांधून पाणी स्वच्छ येईपर्यंत चार वेळा धुतलं. आणि शेतकऱ्याने सांगितलेली दुसरी गोष्ट केली. पहिल्या तीन रात्री टबावर बाल्कनीतला दिवा चालू ठेवला आणि झाकण काढून ठेवलं. उजेड त्यांना सोसत नाही, त्यामुळे वर यायचं धाडस करत नाहीत आणि तेवढ्या वेळात नव्या जागेत रुळतात. नवी जागा अगदी उत्तम असली तरी पहिल्या एक-दोन रात्री थोडी भटकंती होतेच. पण मुठीएवढा गुंता झाकणाला लटकला तर ती भटकंती नव्हे, तक्रार समजावी.

आता अंथरूण करताना माझं माप साधारण असं असतं: निम्मं धुतलेलं कोकोपीट, पाव भाग अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिजवून फाडलेले, आणि उरलेल्या पाव भागात अर्धवट कुजलेला पालापाचोळा व तीन-चार मुठी जुनं शेण. जुनं म्हणजे दोन-तीन महिन्यांचं, ज्याला शेणाचा वासही येत नाही असं. ताजं शेण तापतं, आणि त्यात गोमूत्र मुरलेलं असलं तर नाकाला झोंबणारा वायू सुटतो. ट्रे आम्हाला खालच्या भुर्जीपावच्या गाडीवाल्याकडून फुकट मिळतात. पुठ्ठ्याचा खरा उपयोग पोकळी धरून ठेवायला होतो. नुसतं कोकोपीट महिन्याभरात दबून बसतं आणि आत हवा खेळत नाही.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. पळालेल्या गांडुळांची भरपाई म्हणून आईने सोसायटीच्या बागेतून माती उकरून दहा-बारा करडी, जाड गांडुळं आणली. "पैसे कशाला घालवतोस? गावाकडे उकिरड्यात अशीच असायची की." उकिरड्यात असायची ती वेगळी आणि बागेतल्या मातीतली वेगळी. मातीतली गांडुळं माती खात बिळं करून राहतात. त्यांना कुजणाऱ्या भाजीचा थर नको असतो. ती आठवड्याभरात मलूल झाली, म्हणून मी परत बागेत नेऊन सोडली. आईला ते पटलं नाही, पण तिने विषय वाढवलाही नाही.

आता खाण्याबद्दल. गांडूळ रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. माझ्याकडे अर्धा किलो, म्हणजे रोज पाव किलो, असा माझा हिशेब. हा हिशेब जमलेल्या, जुन्या टबात कधीतरी खरा ठरतो. नव्या टबात नाही. गांडुळाला दात नसतात. ताजी साल त्याच्या काही कामाची नाही. आधी तिच्यावर जिवाणू आणि बुरशी बसते, ती मऊ होऊन लिबलिबीत होते, आणि मग गांडूळ तो लगदा जिवाणूंसकट ओढून घेतं. त्यामुळे टबात किती खाणं मुरणार हे गांडुळांच्या वजनापेक्षा अंथरुणात किती जिवाणू वस्तीला आलेत यावर ठरतं, आणि ती वस्ती बसायला दीड-दोन महिने लागतात. पहिल्या महिन्यात मी एक दिवसाआड शंभर ग्रॅम घालत होतो आणि सगळं छान चाललं होतं. छान चाललंय म्हणूनच हात सुटला.

जानेवारीत मटार स्वस्त झाला. भोगीच्या आदल्या रविवारी आईने आणि बायकोने मिळून पाच किलो मटार सोलला, वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये टाकायला. सालांचा ढीग भरला अडीच किलो. शिवाय भोगीच्या भाजीची तयारी होती, त्यामुळे वांग्याची देठं, गाजराचे शेंडे, पावट्याची सालं. एवढा ओला कचरा खाली नेऊन टाकायचा माझ्या जिवावर आलं. टबात भरपूर जागा दिसत होती. सगळं बारीक न करताच पसरून टाकलं आणि वर दोन मुठी कोकोपीट.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर वाफ आली. बाहेर पुण्याची थंडी, बाल्कनीत २० अंश, आणि टबाच्या मध्यात थर्मामीटर घातला तर ३८. वास आंबूस, शिळ्या पेजेसारखा. मधल्या भागात एकही गांडूळ नव्हतं. काही चारी कोपऱ्यांत तळाशी दाबून बसलेली, बाकीची पुन्हा झाकणावर. पाच-सहांच्या अंगाला मण्यांच्या माळेसारख्या गाठी आल्या होत्या, आणि त्या गाठींच्या जागी ती तुटत होती. ते पाहून मी खरोखर घाबरलो. मला वाटलं साथ आलीय.

साथ वगैरे काही नव्हतं. मटाराच्या सालात प्रथिनं बरीच असतात. एवढा ढीग एकदम कुजायला लागला की एकीकडे तापतो, दुसरीकडे आतली हवा संपते, आणि हवेशिवाय कुजणं सुरू झालं की आम्ल तयार होतं. प्रथिनांचं तसलं कुजकट खाणं पोटात गेलं की ते आतच आंबतं, वायू धरतो आणि गांडूळ जागोजागी फुगतं. गाठी आलेली वाचत नाहीत. बाकीच्यांना वाचवता येतं, पण त्याच दिवशी हालचाल करावी लागते.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण हीच वेळ प्रत्येकावर येते. आधी सालांचा सगळा ढीग हाताने उचलून बाहेर काढला. हातमोजे घाला, त्या वासाने दोन दिवस जेवण जात नाही. मग उरलेलं अंथरूण हाताच्या बोटांनी तळापर्यंत हलक्याने उकरून मोकळं केलं, म्हणजे हवा शिरली. एका बाजूला तीन-चार मुठी कोरडा फाडलेला पुठ्ठा मिसळला. दुसऱ्या बाजूला नवीन, धुतलेलं, ओलसर कोकोपीट घातलं. त्यात काहीच खाणं नाही. यामुळे गांडुळांना सरकायला जागा मिळाली, आणि हा भाग मला सगळ्यात उपयोगी पडला. टब सगळा एकसारखा बिघडला तर त्यांना झाकणाशिवाय वाट उरत नाही.

आंबटपणा मारायला आईने पानदानातला चुना आणला. "दही आंबट झालं तर चिमूटभर..." असं काहीतरी ती म्हणत होती. मी चमचा हातात घेतला होता, तेवढ्यात शेतकऱ्याचा फोन आला म्हणून बरं. खायचा चुना दाहक असतो, गांडुळाच्या कातडीला तो भाजतो. त्याऐवजी अंड्यांच्या टरफलांची पूड घालायची. टरफलं धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, मिक्सरमधून अगदी पिठासारखी काढली. मोठे तुकडे राहिले तर ते वर्षभर तसेच दिसत राहतात. तीन चमचे पूड भुरभुरली. ही पूड हळूहळू आम्ल कमी करते, आणि गांडुळांच्या पोटातल्या पिशवीत दळायला खडेही मिळतात. आता महिन्यातून एकदा एक चमचा ठरलेला आहे. आमच्या घरात अंडी होत नाहीत, त्यामुळे टरफलंही भुर्जीवाल्याचीच. तो मला काय समजतो हे विचारायची सोय नाही.

त्यानंतर दहा दिवस खाणं पूर्ण बंद. चौथ्या दिवशी आंबूस वास गेला, सहाव्या दिवशी झाकणावर कुणी नव्हतं. माझ्या अंदाजाने तिसरा हिस्सा गांडुळं गेली. ते मी मोजून म्हणत नाही, पण मूठभर अंथरुणात आधी पंधरा-वीस दिसायची, तिथे आता दहा दिसत होती.

तेव्हापासून खाणं घालायची पद्धत बदलली. टबाचे मनातल्या मनात सहा भाग केले आहेत. आज एका भागात खड्डा करून, सुरुवातीला दीडशे ग्रॅम, पुरायचं, वर दोन बोटं कोरडं अंथरूण. दोन दिवसांनी पुढचा भाग. सहाव्यापर्यंत पोचून पहिल्याकडे परत येतो तेव्हा आधी तिथे उकरून बघतो. जुनं ओळखू येत असलं तर थांबायचं, वार कोणताही असो. भाजी चिरून, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून, सकाळी वितळवून घातली तर निम्म्या दिवसांत संपते, कारण गोठताना तिच्या पेशी फुटतात. शिवाय केळीच्या सालांवरची चिलटांची अंडीही मरतात. आमच्याकडे चिलटांचा त्रास त्या एका गोष्टीने आणि वरच्या कोरड्या थराने जवळजवळ संपला. बायकोची एकच अट होती, फ्रीजरमधल्या त्या डब्यावर मोठ्या अक्षरात 'गांडूळ' लिहायचं.

आणि हो, एका टबात चौघांचा कचरा मावत नाही. चार महिन्यांनी माझा टब आठवड्याला दीड किलोच्या आसपास घेऊ लागला. घरातला आठवड्याचा कचरा जवळपास पाच किलो. उरलेला सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत जातो. कलिंगडाच्या दिवसांत तर टबाला एक फोडही पुरते. लिंबू-संत्र्याची सालं, कांदा-लसणीचा ढीग, तेलाची फोडणी लागलेलं काही, मीठ घातलेलं काही, हे जात नाही. उरलेला भात एकदा घातला, त्याचा चिकट गोळा झाला आणि त्यावर पांढरे सूक्ष्म किडे गोळा झाले. पुन्हा घातला नाही.

ओलाव्याची चाचणी सगळे सांगतात: मूठभर अंथरूण पिळायचं, बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. चाचणी बरोबर आहे. माझं चुकत होतं ते मूठ कुठून घ्यायची यात. मी वरून घ्यायचो. वरचा थर कोरडा लागला की स्प्रे मारायचो. भाजीपाल्यात ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं, आणि ते सगळं प्लॅस्टिकच्या टबात खाली उतरतं. वर पापड, खाली चिखल अशी अवस्था. एकदा ट्रेमध्ये काळं पाणी साचलं म्हणून तळ उपसला, तर खालचे चार बोटं करड्या रंगाचे, गटारासारख्या वासाचे, आणि भोकं कोकोपीटने बुजलेली. वरून सगळं कसं छान दिसत होतं. आता मूठ तळातून घेतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घालायची वेळ मला मार्च ते मे सोडून कधी आलेली नाही. ओल जास्त झाली तर झाकण उघडं ठेवून, कोरडा पुठ्ठा तळापर्यंत मिसळून, दोन-तीन दिवस खाणं थांबवलं की सुधारते.

त्या काळ्या पाण्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो, माझाही होता. ट्रेमधलं ते पाणी 'व्हर्मीवॉश' समजून मी सरळ मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. व्हर्मीवॉश म्हणजे तयार खतातून आणि गांडुळांच्या थरातून स्वच्छ पाणी थेंबथेंब झिरपवून काढतात ते. ट्रेमध्ये साचतं तो अर्धवट कुजलेल्या भाजीचा रस. घाण वास येत असेल तर तो ओतून द्यायचा. वास नसेल तर दहा पट पाणी घालून मातीत, पानांवर नाही.

पहिलं खत मार्चमध्ये निघालं. टबाच्या एका बाजूलाच तीन आठवडे खाणं घातलं, म्हणजे बहुतेक गांडुळं तिकडे सरकली. दुसऱ्या बाजूचं काळं खत जुन्या प्लॅस्टिकच्या कापडावर छोट्या ढिगांत काढलं आणि वर दिवा लावला. दहा मिनिटांनी ढिगाचा वरचा थर खरवडायचा, गांडुळं उजेडाला भिऊन आत जातात, परत दहा मिनिटं थांबायचं. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. काम कंटाळवाणं आहे, पण मुलगी दुपारभर त्यातच रमली होती. तिलाच पहिल्यांदा कोष दिसले. मोहरीएवढे, एका टोकाला निमुळते, लिंबाच्या आकाराचे आणि मधासारख्या रंगाचे. मी ते खताचे खडे समजून चाळणीतून घालवत होतो. एका कोषातून दोन-चार पिल्लं निघतात, साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून आता चाळलेलं खत लगेच वापरत नाही. उघड्या डब्यात ओलसर ठेवतो, मधोमध पपईच्या सालीचा तुकडा पुरतो, आणि तीन-चार आठवड्यांनी त्या सालीला चिकटलेली दोऱ्यासारखी पिल्लं उचलून टबात टाकतो.

चार महिन्यांत अंदाजे सतरा किलो भाजीपाला गेला होता, खत निघालं साडेचार किलो. हे ओलं वजन. कढीपत्त्याच्या आणि मोगऱ्याच्या कुंडीत चार भाग मातीला एक भाग मिसळलं. नुसत्या गांडूळखतात रोप लावू नये, ते पाणी धरून बसतं. काही कुंड्यांतून टोमॅटो आणि भोपळ्याची रोपंही उगवली, कारण हे खत कधी तापत नाही आणि बिया त्यात जिवंत राहतात.

मग एप्रिल आला. मटाराने केलं नाही तेवढं नुकसान पश्चिमेच्या उन्हाने केलं. दुपारी तीनला ऊन थेट टबावर यायचं. बाहेर ३८-३९, टबाच्या आत एका रविवारी मोजलं तर ३६. ही जात पंचवीसपर्यंत सुखात असते, तिशीपर्यंत चालवून घेते, पस्तिशीनंतर मरते. आम्ही दोन दिवसांसाठी साताऱ्याला गेलो होतो. आलो तेव्हा टबाला माशांच्या बाजारासारखा वास. मेलेलं गांडूळ चटकन विरघळतं, त्यामुळे प्रेतं दिसत नाहीत, फक्त वास आणि रिकामं अंथरूण. तळाच्या थंड कोपऱ्यात शंभरेक उरली होती. त्यांच्यावरच आणि कोषांवर टब पुन्हा उभा राहिला, जूनअखेरपर्यंत.

तेव्हापासून मार्च ते जूनची सुरुवात टब स्वयंपाकघराच्या ओट्याखाली असतो. घरात वास येईल अशी बायकोला भीती होती. बरोबर चाललेल्या टबाला पहिल्या पावसाच्या मातीसारखा मंद वास असतो, तोही नाक खाली नेल्याशिवाय येत नाही. वर झाकणाऐवजी ओलं गोणपाट घालतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातलं पाणी उडतं तसा टब माठासारखा गार राहतो, दोन-तीन अंशांचा फरक मी मोजलाय. हाच उपाय माझ्या ठाण्याच्या मावसभावाने केला तर काही फरक पडेना. तिकडच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. तो दुपारी पाण्याची गोठवलेली बाटली अंथरुणावर आडवी ठेवतो, ते तिथे चालतं.

जूनमध्ये टब पुन्हा बाल्कनीत गेला आणि पंधरा दिवसांत खाण्यात बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, करड्या अळ्या वळवळायला लागल्या. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. दिसायला किळसवाण्या, पण गांडुळांना खात नाहीत. त्या खाणं फस्त करतात आणि गर्दी झाली की टब तापवतात. मी वेचून कुंडीतल्या मातीवर टाकल्या, साळुंक्यांनी संपवल्या. मग भोकांना आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवली आणि वरचा कोरडा थर जाड केला. तरी पावसाळ्यात थोड्या येतातच. मुंग्या आल्या तर मात्र मी आधी ओलावा बघतो. बहुतेक वेळा टब कोरडा पडलेला असतो. विटांच्या खाली पाण्याच्या ताटल्या ठेवल्या की येणाऱ्या थांबतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गांडुळं मागितली. त्यांच्या बाल्कनीत पूर्वेचं ऊन, जागा माझ्यापेक्षा चांगली. टब निवडण्यापासून खड्ड्यांच्या क्रमापर्यंत सगळं तासभर सांगितलं, पाव किलो गांडुळं शेणासकट दिली, आठवडाभर काही घालू नका असं बजावलं. काकूंनी वहीत लिहूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला त्यांचा फोन.

"अरे, ही सगळी भिंतीवर चढलीत! झाकणाला लोंबतायत."

"काकू, कोकोपीट किती पाण्यांत धुतलंत?"

थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, "ते धुवायचं असतं?"

मी बाल्कनीतला दिवा आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन खाली गेलो.